साहेब किती मोठे ते नको, साहेबांच्या हातात काय आहे ते सांगा

आपल्याकडे ग्रामसभेत कुठला अधिकारी आला की त्याची ओळख कशी करून देतात ते सगळ्यांनी पाहिलंय. आधी खुर्च्या सारणं, मग शाल, नारळ, फोटो, मग कोणीतरी माईक घेऊन म्हणतं की कर्तव्यदक्ष, कार्यतत्पर, गोरगरिबांची जाण असलेले अमुक साहेब वेळात वेळ काढून आपल्या गावात आलेत, टाळ्या वाजवून स्वागत करूया. टाळ्या वाजतात. साहेब योजनेचं लांबलचक नाव घेतात, पाच-दहा मिनिटं बोलतात आणि पुढच्या गावाला निघतात. नंतर मागे बसलेल्या एखाद्या बाईला विचारा, कोण आले होते गं? ती म्हणणार, पंचायत समितीचे मोठे साहेब. काय करतात ते? ते काय माहीत नाही बाई.

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाचं काम करते, आणि बोलायला लाजत नाही म्हणून भाऊसाहेब (आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेबच म्हणतात, आता त्यांच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय तरी) ग्रामसभेत माईक माझ्याकडे देतात. मीसुद्धा तीन-चार वर्षं अशीच ओळख करून द्यायचे. पण एका घरकुलाच्या बाबतीत जे झालं ते जवळून बघितल्यापासून माझं मत पक्कं झालंय की अशा ओळखीने गावाचं नुकसान होतं. वेळ वाया जातो हे तर आहेच पण त्याहून मोठं म्हणजे लोक चुकीच्या माणसाकडे चुकीचं काम घेऊन जातात आणि मधल्या मधे कोणीतरी पैसे काढतो.

झालं असं की आमच्याकडे प्रधानमंत्री आवास योजनेचे इंजिनियर आले होते, ग्रामीण गृहनिर्माण अभियंता म्हणतात त्यांना, पंचायत समितीत बसतात, बहुतेक कंत्राटी असतात आणि एकेकाकडे बरीच गावं असतात. त्यांची ओळख करून देताना एका पुढाऱ्याने सांगितलं, हे आपल्याला घरकुल देणारे साहेब. एकच वाक्य. चांगल्या मनाने बोललेलं. पण त्या एका वाक्याने पुढचं वर्षभर काय घोळ झाला ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे ते खरं नव्हतं. घरकुल इंजिनियर देत नाही. नाव येतं ते सर्वेतून, आधी 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात जनगणनेतून आलं, मग 2018 च्या आवास प्लस सर्वेतून, आणि नंतर 2024 चा नवीन सर्वे झाला. सर्वेत आलेली नावं निकषावर तपासली जातात, यादी ग्रामसभेपुढे येते, तिथे कोण खरंच कच्च्या घरात राहतो आणि कोणाचं पक्कं घर असून नाव आलंय हे गावाने बोलायचं असतं. म्हणजे यादीवर बोलायचा अधिकार त्या खुर्चीवर बसलेल्या साहेबापेक्षा समोर सतरंजीवर बसलेल्यांचा जास्त. ज्याचं नाव सर्वेतच नाही त्याला इंजिनियरने मनात आणलं तरी तो आत घालू शकत नाही.

पण आपण सांगितलं की हे देणारे साहेब. मग लोक त्यांच्याच मागे. ते गावात आले की पंधरा माणसं गाडीभोवती, साहेब माझं नाव घ्या, साहेब माझं का कटलं. ते बिचारे म्हणायचे माझ्या हातात नाही, आणि लोकांना वाटायचं की हा टाळतोय, म्हणजे याला काहीतरी द्यावं लागणार. इथेच मधला माणूस उभा राहतो. तो गावातलाच असतो, चार कागद समजणारा, हातात फायलींची पिशवी. तो हळूच म्हणतो साहेब माझ्या ओळखीचे आहेत, पाच हजार लागतील. ज्या कामाला कोणाच्या ओळखीची गरज नाही त्या कामाचे पाच हजार. आणि गंमत नाही सांगत, साहेबांना त्यातलं काही माहीतही नसतं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. इंजिनियरच्या हातात जे खरंच होतं ते कोणाला कळलंच नाही. त्यांचं काम म्हणजे बांधकामाचा टप्पा बघणं आणि मोबाईलच्या ॲपवर जागेवरच फोटो काढणं. या योजनेत सपाट भागात घराला 1 लाख 20 हजार मिळतात (डोंगरी भागात 1 लाख 30 हजार), ते एकदम नाही, हप्त्याने. मंजुरी झाली की पहिला हप्ता, जोतं झालं की पुढचा, लिंटेलपर्यंत भिंती आल्या की त्याच्या पुढचा, घर पूर्ण झालं की शेवटचा. आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो ॲपवर चढल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. सगळी मेख या फोटोत आहे.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींचं घरकुल मंजूर झालं होतं. नवरा नाही, मुलगा द्राक्षाच्या बागेत मजुरीला. त्यांनी पहिल्या हप्त्यात थोडे घरचे घालून दिवाळीच्या आधी जोतं उचललं, छान मुरूम भरून धुम्मस केली, आणि थांबल्या. कशासाठी थांबल्या, तर पैसे येतील म्हणून. पैसे येईनात. मधल्या माणसाला विचारलं, तो म्हणाला फाईल वर अडकलीय, बघतो मी. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. आणलेल्या सिमेंटच्या गोण्यांपैकी उरलेल्या सहा ओल लागून दगड झाल्या, त्या मी डोळ्याने बघितल्या, लाथ मारली तरी हलत नव्हत्या. मग मावशींनी तीन रुपये शेकडा व्याजाने पैसे उचलले आणि भिंती वर घेतल्या.

जानेवारीत मी त्यांच्याबरोबर पंचायत समितीत गेले. इंजिनियरनी लॅपटॉप उघडला आणि विचारलं, जोतं कधी झालं? दिवाळीच्या आधी. मग मला सांगितलं का नाही? मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. फाईल कुठेही अडकली नव्हती, अडकायला फाईलच नव्हती. जोत्याचा फोटोच झाला नव्हता कारण जोतं झालंय हे त्या माणसाला कोणी कळवलंच नाही, आणि कळवायचं असतं हे मावशींना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं साहेब सगळीकडे फिरून बघत असतील, त्यांना दिसेल. ते त्या आठवड्यात आले, फोटो काढला, पुढे काही दिवसांनी हप्ता जमा झाला. तीन महिने आणि तीन महिन्यांचं व्याज गेलं ते एका फोनसाठी.

त्या दिवशी एसटीत परत येताना मावशी म्हणाल्या, तू ग्रामसभेत त्यांचं नाव सांगितलं होतंस ना, मग हे का नाही सांगितलं? मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतरच्या ग्रामसभेत नवीन इंजिनियर आले, आधीचे बदलून गेले होते. या वेळी मी आधी अर्धा तास ग्रामपंचायतीत त्यांच्यासोबत बसले आणि वहीत लिहून घेतलं, तुम्ही नेमकं काय करता, काय करत नाही, कुठल्या दिवशी कुठे भेटता, फोन किती वाजेपर्यंत केला तर चालेल. मग सभेत जे बोलले ते साधारण असं होतं, जसं आठवतंय तसं लिहिते.

"राम राम मंडळी. हे आपले घरकुलाचे नवीन इंजिनियर. दिंडोरीला पंचायत समितीत बसतात. आता नीट ऐका, घरकुल कोणाला मिळणार हे हे ठरवत नाहीत. त्याची यादी सर्वेतून येते आणि ती या सभेत वाचली जाते, तेव्हा नावाबद्दल काय बोलायचं ते इथे बोला, साहेबांना गाडीजवळ नका विचारू. ज्यांचं मंजूर झालंय त्यांच्यासाठी साहेबांचं काम काय, तर तुमचं जोतं झालं की येऊन फोटो काढणं, खिडकीच्या वरपर्यंत भिंत आली की फोटो, घर पूर्ण झालं की फोटो. फोटो नाही तर हप्ता नाही. आणि साहेबांना स्वप्न पडणार नाही तुमचं जोतं झालं म्हणून, तुम्ही फोन करायचा, किंवा मला सांगा, मी करते. दर शुक्रवारी ते आपल्या भागात असतात. फोटोच्या वेळी ज्यांच्या नावावर घर आहे त्या माणसाने तिथे हजर पाहिजे. घर किमान 269 चौरस फूट पाहिजे, त्याहून लहान बांधू नका. जुन्या घराच्या जागेवरच बांधायचं की दुसरीकडे, हे पहिला खड्डा मारायच्या आधी यांना विचारा, नंतर नको. फोटोला पैसे नाहीत. यादीला पैसे नाहीत. साहेबांच्या नावाने कोणी मागितले तर इथेच उभं राहून सांगा. मजुरीचे दिवस भरायचे ते रोजगार सेवकाकडे, वाळूचा पास तहसीलमधून, नमुना आठचा उतारा भाऊसाहेबांकडे. ते यांच्याकडे नाही मिळणार. आता साहेब दोन मिनिटं बोलतील आणि मग तुम्ही विचारा."

बस एवढंच. चार मिनिटं लागली असतील. शाल नंतर दिली.

या बोलण्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते काय नाही हे सांगणं. आपण अधिकाऱ्याचे अधिकार सांगतो, मर्यादा सांगत नाही, जणू मर्यादा सांगितली तर त्याचा अपमान होतो. उलट आहे. गावातल्या माणसाला एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागतं, येण्याजाण्याचं भाडं वेगळं, आणि तिथे गेल्यावर कळतं की हे टेबल चुकलं. वाळूचंच बघा, घरकुलाला 5 ब्रासपर्यंत वाळू फुकट द्यायचा सरकारचा निर्णय 2025 मध्ये झाला, पण ते काम महसूलचं, तहसीलचं. ज्याला हे माहीत नाही तो इंजिनियरच्या केबिनबाहेर दिवसभर बसणार आणि संध्याकाळी शिव्या देत घरी येणार. कोणाला शिव्या? ज्याची त्यात काही चूक नाही त्याला.

दुसरं म्हणजे भाषा. प्राधान्यक्रम यादी, जिओ टॅगिंग, लाभार्थी हिस्सा, अभिसरण हे शब्द कागदावर ठीक आहेत, सभेत नाही. जिओ टॅगिंग म्हणजे जागेवर उभं राहून काढलेला असा फोटो ज्यात कुठे काढला ते आपोआप नोंदलं जातं, म्हणून तो व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, माणसाला यावंच लागतं. हे एवढं समजावलं की लोक स्वतःहून फोन करतात. पण नुसतं जिओ टॅगिंग होईल म्हटलं तर लोक मान हलवतात आणि घरी जाऊन तेच करतात जे मावशींनी केलं. पेठ, सुरगाण्याकडे तर अजून एक पायरी आहे, तिथल्या पाड्यावर घरात कोकणा आदिवासींची बोली बोलतात, आपली दिंडोरीची मराठीसुद्धा म्हाताऱ्या माणसांना परकी वाटते, तिथे ओळख करून देणारा पाड्यातलाच पाहिजे, बाहेरचा सूत्रसंचालक नको.

आणि जुन्या माहितीचंही तसंच. आमच्याकडे अजून कित्येक जण म्हणतात की मोटारसायकल आहे म्हणून माझं घरकुल होणार नाही. दोन चाकी गाडी आणि फ्रिजचा निकष 2024 च्या नव्या सर्वेच्या वेळी काढून टाकलाय. पण किसान क्रेडिट कार्ड 50 हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं असेल तर नाव बाद होतं, हे द्राक्ष आणि कांद्याच्या गावात फार जणांना लागू पडतं आणि ते कोणी सांगत नाही. अधिकारी समोर उभा असताना त्याच्या तोंडून या दोन गोष्टी वदवून घेतल्या तर अर्धे वाद तिथेच मिटतात, कारण आम्ही सांगितलं तर लोक म्हणतात तुला काय कळतं.

आता याला विरोध करणारेही आहेत आणि ते वाईट लोक नाहीत. आमच्या गावातले एक जुने सरपंच मला म्हणाले, ताई, पाहुण्याचा मान ठेवावा लागतो, तू त्याला आल्या आल्या सांगतेस की पैसे मागायचे नाहीत, उद्या तो रागावला तर कामं कोणाची अडतील? गावाचीच. मी हे हलक्यात घेत नाही. अधिकारी नाराज झाला तर खरंच कामं अडतात, आणि भोगतो तो गरीब, माईकवाला नाही. म्हणूनच मी आधी अर्धा तास त्यांच्याशी बोलते. पैशाचं वाक्य मी त्यांना विचारून घातलं होतं, आणि ते स्वतः म्हणाले की जरूर सांगा, माझ्या नावावर कोण काय घेतो ते मलाच कळत नाही. प्रामाणिक माणसाला हे वाक्य त्याच्या बाजूचं वाटतं. ज्याला ते टोचतं त्याच्यासाठी तर ते बोललंच पाहिजे, दोनशे लोकांसमोर बोललेलं वाक्य नंतर केबिनमध्ये उलटवणं जड जातं. मान ठेवू नका असं माझं म्हणणं नाही, नारळ द्या, चहा द्या, पण विशेषणं लावून लोकांच्या आणि त्यांच्या मधे भिंत घालू नका. कर्तव्यदक्ष म्हटलेल्या माणसाला विचारायला मावशी उठत नाहीत. घरकुलाचा फोटो काढणारे इंजिनियर म्हटलं की उठतात.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. चांगल्या ओळखीने यादी लांब होत नाही, निधी उशिरा आला तर तो उशिराच येणार, आणि एका माणसाकडे तीसेक गावं टाकली तर तो शुक्रवारी येतोच असं नाही. 1 लाख 20 हजारात आजच्या भावाने घर होत नाही, रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार धरले तरी, हे दुखणं मोठं आहे आणि ते माईकवरून सुटणारं नाही. पण निधी आलेला असताना, घर बांधून झालेलं असताना केवळ न कळल्यामुळे जे हप्ते थांबतात, ते थांबू नयेत एवढं तरी आपल्या हातात आहे.

अजून एक अडचण, ओळख करून कोणाला देता? आमच्याकडे 2 ऑक्टोबरच्या सुमाराला द्राक्षाच्या छाटण्या चालू असतात, मजूर माणूस सभेला येतच नाही, गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते म्हणून वीस-पंचवीस माणसांत सगळं उरकतं. त्या वीस जणांत घरकुलवाले दोन. बायका तर नाहीतच. आता कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, आणि या योजनेत घर शक्यतो बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करायचं असतं. मग ज्या बाईच्या नावावर घर आहे तिची आणि इंजिनियरची भेट महिला सभेत व्हायला नको का? माझा आग्रह आहे की योजनेचा अधिकारी पहिल्यांदा महिला सभेतच आणावा, मोठ्या सभेत दुसऱ्यांदा. आमच्याकडे महिला सभा संध्याकाळी पाचनंतर घेतली, मजुरीवरून बायका परतल्यावर, तर हॉलमध्ये जागा उरली नाही.

आणि जे बोललं ते प्रोसिडिंगमध्ये उतरवून घ्या. साहेबांचा सत्कार करण्यात आला एवढं नका लिहू, लिहा की घरकुल अभियंता यांनी दर शुक्रवारी या भागात येण्याचे आणि कळवल्यापासून आठ दिवसांत फोटो काढण्याचे सांगितले. हे लिहिलेलं असलं की पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचताना ते आपोआप पुढे येतं, भांडावं लागत नाही, फक्त वाचायचं. अधिकारी बदलला तरी नव्याला तेच वाचून दाखवता येतं. आम्ही त्यांचा दिवस आणि फोन नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून घेतला, रंगाचा खर्च दीडशे रुपये, नंबर बदलला की पुसून परत लिहायचा.

त्या चार मिनिटांच्या ओळखीनंतर प्रश्न विचारा म्हटल्यावर नेहमीसारखं सगळे गप्प बसले. मग बायकांच्या रांगेतून त्याच मावशी उभ्या राहिल्या. पदर सावरला, आणि माईक न घेताच म्हणाल्या, "साहेब, माझं पूर्ण होत आलंय. येत्या बुधवारी दार बसतंय, गिलावा झालाय. शेवटच्या फोटोला तुम्ही शुक्रवारी येता का त्याच्या पुढच्या शुक्रवारी?" इंजिनियरनी खिशातून छोटी डायरी काढली आणि विचारलं, घर कुठल्या बाजूला आहे तुमचं? मावशी म्हणाल्या, मारुतीच्या पाराच्या मागे, या, चहा ठेवते. त्यांचं झाल्यावर मागून अजून सात जण उठले, प्रत्येकाने आपापला टप्पा सांगितला, आणि त्या दिवशी साहेबांना पुढच्या गावाला जायला उशीर झाला.